कोजागरीचा निरोप: ‘आपण’ कुठे, ‘आम्ही’ कुठे

सोसायटीच्या मंडळाने सगळ्या रहिवाशांना पाठवायचा हा निरोप पाहा:

“शनिवारी कोजागरी. आम्ही रात्री 9 वाजता गच्चीवर जमणार आहोत. दूध आपण आटवू. येताना आपण पेले आणावेत. आपल्याकडे चटया आहेत.”

व्याकरणाची एकही चूक यात नाही. तरीही दुसरे वाक्य वाचून रहिवासी म्हणेल, “बरं, तुम्ही जमा.” त्याला बोलावले आहे हे त्या वाक्यातून कळतच नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की बोलणारा आणि त्याचे साथीदार मोजले जातात, ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो. हिंदीतले ‘हम’ किंवा संस्कृतातले ‘वयम्’ हा भेद करत नाही. गुजरातीत तो ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’ असा, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ असा. ‘आम्ही’ हा प्राकृतातल्या ‘अम्हे’वरून आला, तर ‘आपण’चे मूळ ‘आत्मन्’मध्ये, म्हणजे ‘स्वतः’ या अर्थात आहे. संस्कृतात नसलेला हा भेद मराठीत रुजण्यामागे द्राविडी भाषांचा शेजार असावा, असे अनेक भाषाअभ्यासक मानतात.

मजकूर आधी हिंदीत किंवा इंग्रजीत सुचला आणि मग मराठीत उतरवला, की ‘हम’च्या जागी सरसकट ‘आम्ही’ बसतो. चूक लपते, कारण क्रियापद दोन्हींना एकच लागते: आम्ही जमू, आपण जमू, आम्ही जमणार आहोत, आपण जमणार आहोत. सर्वनाम गाळून नुसते ‘गच्चीवर जमणार आहोत’ लिहिले, तर कोण जमणार हे वाचणाऱ्याने ताडायचे. एक रूप मात्र पक्के आहे: ‘जमू या’. ‘आपण जमू या’ ठीक वाटते, ‘आम्ही जमू या’ कानाला लगेच खटकते, कारण ‘-ऊ या’मध्ये समोरच्याला सोबत ओढणे आलेच. सर्वनामाविना नुसते ‘गच्चीवर जमू या’ लिहिले तरी आमंत्रण पोचते.

तिसऱ्या वाक्यात उलटा घोटाळा आहे. दूध मंडळ आटवणार असेल, तर ‘आपण आटवू’ म्हणताच वाचणाराही कामात धरला गेला. कोणी विचारेल, वर्गणी किती? कोणी पातेले घेऊन वर येईल. यजमानाचे काम सांगताना ‘आम्ही’च हवा. त्यात तुटकपणा नाही, उलट पाहुण्यावरचा भार त्याने उतरतो. लग्नपत्रिकेची जुनी सुरुवात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशीच असते, कारण कार्य यजमानांच्या घरचे आहे.

खरी गुंतागुंत चौथ्या वाक्यात आहे. ‘आपण’ हे ‘तुम्ही’चे आदरार्थी रूपही आहे. बहुतेक वेळा क्रियापद वाचवते: ‘आपण येऊ’ म्हणजे सगळे मिळून, ‘आपण याल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांतही तसेच. पण ‘आणावेत’ हे रूप पेल्यांप्रमाणे चालते, आणणाऱ्याप्रमाणे नाही. त्यामुळे ‘आपण पेले आणावेत’ म्हणजे तुम्ही आणावेत की सगळ्यांनी मिळून, हे वाक्य सांगत नाही. ‘आपण हॉल ठरवला’ या भूतकाळी वाक्याचीही हीच गत. आणि ‘आपल्याकडे’, ‘आपल्या घरी’ यांत तर बघायला क्रियापदाचा आधारही नसतो. ‘आपल्याकडे चटया आहेत’ हे वाचून एखादा रहिवासी विचारात पडेल, माझ्याकडच्या चटयांबद्दल यांना कोणी सांगितले? ‘कार्यक्रम आपल्या घरी आहे’ हे वाक्य तर पाहुण्याच्याच घरी कार्यक्रम नेऊन ठेवू शकते.

म्हणून छोट्या निरोपात ‘आपण’ एकाच अर्थाने वापरावा. सगळ्यांसाठी वापरला, तर समोरच्यासाठी ‘तुम्ही’ घ्यावा. ‘तुम्ही’तही आदर पुरेसा आहे. औपचारिक पत्रिकेत ‘आपण अगत्य यावे’ असे लिहायचे असेल, तर ‘आपण सगळे’ त्या पत्रिकेत नको. जिथे ‘आपल्या’ दोन्हीकडे झुकतो तिथे सर्वनाम सोडून नाव लिहावे:

“शनिवारी कोजागरी. आपण सगळे रात्री 9 वाजता गच्चीवर जमू या. दूध आम्ही आटवतो. तुम्ही येताना पेले आणा. चटया मंडळाकडे आहेत.”

अजून एक अडचण निरोप पुढे पाठवताना येते. ‘आपण’मध्ये कोण येते हे वाचणाऱ्यावर ठरते. मंडळाच्या गटात ‘आपण 7 वाजता दूध तापवायला ठेवू’ हे अगदी बरोबर असते. तोच मजकूर जसाच्या तसा सगळ्या रहिवाशांना गेला, की 7 वाजता सगळेच चुलीपाशी अपेक्षित आहेत असा अर्थ होतो. एकही अक्षर न बदलता वाक्य चुकीचे होते. पाठवण्याआधी प्रत्येक ‘आपण’पुढे मनात ‘म्हणजे मी आणि हा वाचणारा’ असे जोडून पाहावे, आणि जिथे ते जुळत नाही तिथे ‘आम्ही’ किंवा ‘तुम्ही’ घालावा.