मेंटलायझेशन-आधारित उपचार (एमबीटी)

भावना आणि नाती सतत डळमळीत राहणाऱ्या सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासाठी (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर) अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी १९९०च्या दशकात लंडनमध्ये विकसित केलेली मानसोपचार पद्धत. मेंटलायझेशन म्हणजे माणसाच्या वागण्यामागे मन असते, काही भावना, इच्छा, भीती, समजुती असतात, हे धरून स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावणे. हे आपण सगळेच दिवसभर करत असतो आणि भावना अनावर झाल्या की सगळ्यांचेच ते सुटते. या विकारात ते फार लवकर सुटते, विशेषतः जवळच्या नात्यात, आणि परत जागेवर यायला वेळ लागतो. सुटलेले मेंटलायझेशन त्याच तासात, समोरासमोर पुन्हा सुरू करून देणे हे एमबीटीचे मुख्य काम. रुग्णाला त्याच्या मनाचा अर्थ सांगणे हे तिचे काम नाही. नवशिक्या उपचारकाचा गोंधळ नेमका इथेच होतो.

बाह्यरुग्ण स्वरूपात हा उपचार साधारण १८ महिने चालतो. आठवड्यातून एकदा वैयक्तिक सत्र आणि एकदा गटसत्र असते. सुरुवातीला संकटाच्या वेळी काय करायचे याचा आराखडा रुग्णासोबत बसून लिहून काढतात.

उपचारकाच्या भूमिकेला ‘न जाणण्याची भूमिका’ म्हणतात. याचा अर्थ अडाणीपणाचा आव आणणे असा नाही. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला अंदाजानेच कळते, हे उपचारक खरोखर मान्य करतो आणि म्हणून विचारतो. रुग्णाचे म्हणणे आणि आपले म्हणणे वेगळे पडले, तर दोन्ही बाजू टेबलावर ठेवतो. स्वतःची चूक झाली तर ती आधी स्वतः कबूल करतो. ‘तुमचा हा राग खरं तर वडिलांवरचा आहे’ असे वाक्य एमबीटीत बसत नाही. ते बरोबर असेलही, पण त्यात विचार उपचारकाने केलेला असतो आणि रुग्णाच्या हाती तयार उत्तर पडते.

प्रशिक्षणासाठी रचलेला एक प्रसंग घेऊ. २६ वर्षांची तरुणी सत्रात बहिणीशी झालेल्या भांडणाबद्दल बोलते आहे. उपचारक बाईंची नजर क्षणभर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. तरुणी एकदम थांबते, पर्स उचलते. “कळलं मला. तुम्हाला माझा कंटाळा आलाय. तसं सरळ सांगा ना, मॅडम.” इथे ‘मला वाटते’ आणि ‘तसे आहे’ यांतले अंतर मिटले आहे. या अवस्थेला मानसिक समतुल्यता म्हणतात: मनात आले तेच खरे, दुसरी शक्यताच उरत नाही.

“छे, मला अजिबात कंटाळा आलेला नाही” असे म्हणून समजूत काढावी, हा पहिला मोह. त्याने ती ‘खोटं बोलताय’ म्हणेल, कारण तिच्या दृष्टीने पुरावा समोर आहे. दुसरा मोह अर्थ सांगण्याचा: ‘लहानपणी आईने दुर्लक्ष केले म्हणून...’. भावना इतकी तापलेली असताना असे लांब, गुंतागुंतीचे वाक्य डोक्यात शिरत नाही. एमबीटीचा व्यवहारातला नियम असा की भावना जितकी वर चढलेली, तितके उपचारकाचे बोलणे साधे, छोटे आणि आधार देणारे हवे.

उपचारक बाई म्हणतात, “हो, मी घड्याळाकडे पाहिलं. तुम्ही इतकं मनापासून सांगत असताना ते फार लागलं असेल.” आधी घडले ते कबूल केले, मग भावनेला दुजोरा दिला. हा भावनेला दिलेला दुजोरा आहे, निष्कर्षाला नव्हे. ‘कंटाळा आला’ हे त्यांनी मान्यही केले नाही आणि खोडूनही काढले नाही. तरुणी पर्स मांडीवर ठेवते आणि उठत नाही. ही जरा उसंत मिळाली की पुढची पायरी घेता येते. “थोडं मागे जाऊ या का? मी घड्याळाकडे पाहण्याआधी तुम्ही बहिणीचं ते वाक्य सांगत होतात. तेव्हा आत काय होत होतं?” याला ‘थांबा आणि मागे जा’ म्हणतात. मेंटलायझेशन जिथे शाबूत होते त्या क्षणापर्यंत मागे जायचे आणि तिथून एकेक क्षण पुढे यायचे.

ती म्हणते, “लाज वाटत होती. वाटलं, आता तुम्हालाही वाटेल की बहीण बरोबर आहे.” घड्याळाच्या आधीपासूनच ती नापसंतीची वाट पाहत होती, हे आता तिचे तिलाच दिसते. मग बाई स्वतःची बाजू सांगतात: “मी पाहिलं ते वेळ किती उरलाय म्हणून. हा विषय अर्धवट राहील अशी मला काळजी वाटली. पण तुम्हाला ते वेगळं दिसलं, आणि तसं का दिसलं तेही आता कळतंय.” आता खोलीत एका नजरेचे दोन अर्थ आहेत आणि तिला दोन्ही पेलता येतात. नात्याबद्दलचे बोलणे इथे सुरू करावे, त्याआधी नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे दुजोऱ्याआधीच स्वतःचा खुलासा दिला, तर तो बचाव वाटतो.

स्वतःला इजा केल्याचा प्रसंगही असाच उलगडतात. ‘हात का कापलात?’ याला बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ हेच उत्तर मिळते आणि ते प्रामाणिक असते. म्हणून ‘त्या दिवशी शेवटचं बरं कधी वाटत होतं?’ इथून सुरू करतात. मग फोन कधी आला, कोण काय बोलले, छातीत कधी धडधडले, असे पुढे येत भावना असह्य झाली तो क्षण शोधतात. तातडीची सुरक्षितता आधी पाहायची, हे त्यात गृहीत आहे.

आरडाओरड लगेच दिसते. ‘बतावणीची अवस्था’ मात्र दिसत नाही, आणि माझ्या मते शिकाऊ उपचारकाला ती सर्वांत जास्त फसवते. रुग्ण स्वतःच्या बालपणाबद्दल, जवळच्या माणसांशी असलेल्या भावबंधाबद्दल अस्खलित बोलतो, उपचारकाला वाटते काम छान चालले आहे. खूण अशी की शब्द खूप असतात, भावना नसते, आणि आठवड्यामागून आठवडे बाहेरच्या आयुष्यात काहीच हलत नाही. इथे सहानुभूती वाढवून उपयोग नसतो, उलट ती त्या बोलण्याला खतपाणी घालते. इथे हळुवार पण अनपेक्षित आव्हान लागते: “हे सगळं बरोबर वाटतंय, पण तुम्ही मला कोणा तिसऱ्याच व्यक्तीबद्दल सांगताय असं वाटतंय. आत्ता, इथे, काय होतंय?”

१९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत हा उपचार दिवसभराच्या रुग्णालयीन स्वरूपात दिला होता. त्या रुग्णांची ८ वर्षांनी पाहणी केली तेव्हा एमबीटी घेतलेल्यांपैकी १३ टक्के विकाराचे निकष पूर्ण करत होते, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ८७ टक्के. हा फरक मोठा आहे, पण चाचणी लहान होती आणि ती पद्धत घडवणाऱ्यांनीच केली होती. २००९च्या १३४ रुग्णांच्या बाह्यरुग्ण चाचणीत तुलना सुसूत्र वैद्यकीय व्यवस्थापनाशी, म्हणजे एमबीटीशिवाय दिलेल्या नियोजनबद्ध उपचाराशी झाली. त्यात दोन्ही गट सुधारले, एमबीटीचा गट अधिक. डेन्मार्कमधील नंतरच्या एका चाचणीत १४ महिन्यांचा एमबीटी ५ महिन्यांच्या एमबीटीपेक्षा सरस ठरला नाही, त्यामुळे उपचार किती काळ द्यावा हा प्रश्न अजून खुला आहे.