तटस्थ राज्य आणि धर्मापासून विभक्त राज्य: टँकर नव्हे, हिशेबाची वही बघा

दसरा जवळ आला की नागपुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, त्यांच्यासाठी पाण्याचे टँकर लागतात, दवाखाने उभे राहतात, जादा बस सुटतात. मग कोणीतरी म्हणतं, देश धर्मनिरपेक्ष आहे ना, मग सरकारचा पैसा धर्मस्थळावर कसा? ताजबागच्या उर्साला हेच विचारलं जातं, हजच्या विमानांच्या वेळी आणि नाशिकच्या कुंभमेळ्यालाही. विचारणारे बदलतात, गोंधळ तोच राहतो. मी वकिली करतो ती मुख्यतः विश्वस्त संस्थांची. त्यामुळे राज्य आणि धर्म यांची गाठ कुठे पडते ते रोज कागदावर बघतो. या गोंधळाचा मला खरोखर कंटाळा आला आहे.

दोन किरकोळ गोष्टी आधी बाजूला करतो. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला हे सगळ्यांना पाठ असतं. पण अनुच्छेद २५ ते २८ घटनेत पहिल्या दिवसापासून आहेत आणि काम तेच करतात. दुसरं, ‘निधर्मी राज्य’ आणि ‘सर्वधर्मसमभाव’ हे शब्द कृपा करून या चर्चेत आणू नका. पहिला शब्द राज्याला नास्तिक करून टाकतो. दुसरा माणसाच्या मनातली भावना सांगतो, आणि कलेक्टरच्या मनात कोणत्या धर्माबद्दल किती आदर आहे याच्याशी घटनेला काही देणंघेणं नाही. त्याने काय केलं, एवढंच ती बघते.

आता मूळ मुद्दा. विभक्त राज्य विचारतं: राज्याने धर्माच्या कारभारात हात घातला का? तटस्थ राज्य विचारतं: हात घातला असेल तर कशासाठी, आणि सगळ्यांना एकाच न्यायाने का? पहिल्यात हात घालणं हाच दोष आहे. दुसऱ्यात हात घालायला हरकत नाही, पण कारण धर्माबाहेरचं हवं आणि माप पक्षपाती नको. आपली घटना दुसऱ्या वाटेची आहे. संविधान सभेत के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती मांडली होती. राज्य धर्मनिरपेक्ष असल्याने त्याचा कोणत्याही धर्माशी वा पंथाशी संबंध असणार नाही, असा तिचा आशय होता. ती फेटाळली गेली. ‘संबंध नाही’ ही भाषा समोर आली असताना सभेने ती घेतली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

टँकरचं उदाहरण मात्र हा फरक दाखवायला अगदी निरुपयोगी आहे, आणि सगळे नेमकं तेच देतात. कडक विभक्ततेचा नमुना म्हणून अमेरिकेचं नाव घेतलं जातं. चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत हा शब्दप्रयोग तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ च्या एका पत्रात केला. १९४७ मध्ये एव्हरसन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही भिंत उंच आणि अभेद्य राहिली पाहिजे असं लिहिलं, आणि त्याच निकालात चर्चच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची भरपाई पालकांना द्यायला परवानगी दिली. पाच विरुद्ध चार. पोलीस आणि अग्निशमन दल चर्चला मिळतंच, कारण ती सेवा सगळ्यांसाठी असते, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे लाखो माणसं एका जागी आली तर त्यांना पाणी देणं भिंतवाल्या देशातही चालतं. टँकर दोन्हीकडे पास होतो. ज्या उदाहरणाचं उत्तर दोन्हीकडे सारखंच येतं, त्यातून फरक कळणार कसा?

फरक कळतो तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. महाराष्ट्रातलं सार्वजनिक मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी हे सगळं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या व्याख्येत बसतं. वक्फसाठी आता वेगळा कायदा आणि वेगळं मंडळ आहे. नोंदणी करायची, मिळकतीची यादी द्यायची, हिशेब तपासून घ्यायचे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा. स्थावर मिळकत विकायची तर आधी परवानगी. अमेरिकेत याच्या अगदी उलट आहे: इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी कर खात्याकडे जे विवरणपत्र भरावं लागतं, त्यातून चर्चला कायद्यानेच सूट आहे. दानपेटीत किती आले आणि कुठे गेले, हे सरकारने दरवर्षी विचारायचंच नाही. तिथे ही सूट विभक्ततेशी सुसंगत मानली जाते. इथे तसं केलं तर देवस्थानाच्या जमिनी गिळणाऱ्या विश्वस्ताला मोकळं रान मिळेल. मला आपली पद्धत जास्त पटते, आणि ती पटण्याचं कारण मी अशी प्रकरणं हाताळली आहेत हेच आहे.

पण मग राज्याने थांबायचं कुठे? याच कायद्यावर, तेव्हा तो मुंबई राज्याचा होता, १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल गांधी खटल्यात निकाल दिला, आणि मला विचाराल तर हा विषय समजून घ्यायला तो एकटा पुरे. एक अर्जदार जैन मंदिराचे व्यवस्थापक होते, दुसरे मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. त्यांचं म्हणणं असं की हा कायदा आमच्या धर्मात ढवळाढवळ करतो.

न्यायालयाने सबंध कायदा उडवला नाही आणि सबंध वाचवलाही नाही. कलमं एकेक करून तपासली. नोंदणी आणि हिशेबतपासणी टिकली, कारण मिळकतीचा कारभार ही ऐहिक बाब आहे आणि अनुच्छेद २६ मध्येच तो ‘कायद्यानुसार’ करायचा असं लिहिलं आहे. संस्थांकडून घ्यायची वर्गणीही टिकली, कारण ती देखरेखीच्या कामाचं शुल्क ठरली. कोसळलं ते कलम ४४: धार्मिक विश्वस्त संस्थेचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्ताला नेमण्याची तरतूद. हिशेब तपासणारा अधिकारी मठाच्या गादीवर बसला तर तो देखरेख करत नाही, धर्म चालवतो. शिल्लक धार्मिक निधी मूळ हेतू सोडून दुसऱ्या कामाला वळवण्याच्या तरतुदींचा काही भागही गेला. दात्याने एका पूजेसाठी ठेवलेला पैसा सरकारला जास्त उपयोगी वाटणाऱ्या कामासाठी उचलता येत नाही, काम कितीही चांगलं असो.

विभक्ततेच्या मापाने हा सगळा कायदाच गैर ठरला असता. ‘सरकार सर्वांना सारखंच छळतंय ना, मग झालं’ अशा भोळ्या तटस्थतेने कलम ४४ सुद्धा वाचलं असतं, कारण ते सगळ्या धर्मांना लागू होतं. म्हणून निव्वळ ‘सारखेपणा’ पुरत नाही. कशाला हात लावला हेही बघावंच लागतं.

आणि सारखेपणा प्रत्येक ठिकाणी लागतोच असंही नाही. अनुच्छेद २५ मध्ये सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, तो फक्त हिंदू संस्थांबद्दल. तिथल्या स्पष्टीकरणात शीख, जैन आणि बौद्धही येतात. याला काही जण भेदभाव म्हणतात. मला ते मान्य नाही. देवळाच्या दारात माणसाला जातीवरून अडवलं जात होतं, म्हणून त्या दाराबद्दल तरतूद आली. विभक्त राज्याला ते दार उघडता आलं नसतं.

पैशाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उत्तर तितकं स्वच्छ नाही. अनुच्छेद २७ सांगतो की ज्या कराचं उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास नेमून दिलं आहे, तो कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. यातला ‘खास नेमून’ हा शब्द लोक वाचतच नाहीत. हजच्या अनुदानाला याच अनुच्छेदावरून आव्हान दिलं गेलं, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एकूण कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर गेला तर भंग होईल, तुलनेने लहान रकमेने नाही. मला हा निकाल अपुरा वाटतो. त्याने रक्कम मोजली, हेतू तोलला नाही. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते अनुदान दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंदही केलं, पण टक्केवारीचं माप तसंच राहिलं. यात्रेकरूला पाणी देणं आणि मंदिराचा कळस बसवून देणं यांतला फरक टक्क्यांत सापडत नाही.

माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करतो. हे सगळं त्याला सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, “मामा, मंग पूजेतच पैसा उडवून राहिले असन त? वर्षभराचं उत्पन्न एका अभिषेकात लावलं, तर आयुक्त बोलन का नाही?”

मी त्याला १९५४ चाच, उडुपीच्या शिरूर मठाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून दिला. कोणते विधी आवश्यक हे संप्रदाय ठरवेल, बाहेरच्या कोणाला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण त्या विधींवर किती खर्च करायचा हा मिळकतीच्या कारभाराचा प्रश्न आहे आणि कायद्याने त्याला आवर घालता येतो, असं त्यात आहे. म्हणजे अभिषेक करू नका, असं आयुक्ताला म्हणता येणार नाही. इतक्या खर्चाने संस्थाच बुडेल, असं म्हणता येईल.

त्याने दोन्ही वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “अन् आमचा विधीच एवढ्या खर्चाचा आहे असं ते म्हणले त?”

तिथे मीही थांबलो. अशा प्रकरणात पुरावा लागतो: संस्थेची जुनी वहिवाट काय, पूर्वी किती खर्च होत होता, दानपत्रात काय लिहिलं आहे. कपाटातून एका संस्थेच्या जुन्या हिशेबवह्यांच्या प्रती काढल्या, आणि आम्ही दोघं अभिषेकाची नोंद कोणत्या साली पहिल्यांदा आली ते शोधायला बसलो.