मींड आणि गमक

मींड आणि गमक : हिंदुस्थानी संगीतातील स्वरोच्चाराच्या दोन क्रिया. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर नाद तुटू न देता सरकत जाणे म्हणजे मींड. एखादा स्वर लगतच्या स्वराच्या आधाराने जोरकस आणि जलद आंदोलन देऊन उच्चारणे म्हणजे गमक. साध्या स्वरबदलात पहिला स्वर संपतो आणि दुसरा सुरू होतो; दोहोंमध्ये ऐकण्यासारखे काही नसते. पेटीवर षड्जाची पट्टी सोडून गंधाराची दाबली की हेच घडते. मींडेत मधली वाट हाच आशय असतो, तर गमकेत वाट कापायची नसून एकाच स्वराला घुमवायचे असते.

आजच्या बोलण्यात या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी जुन्या ग्रंथांत ‘गमक’ या एकाच संज्ञेखाली बरेच काही येते. मतंगाच्या बृहद्देशीत (साधारणपणे सहावे ते आठवे शतक) गमकाचे उल्लेख आहेत. सविस्तर वर्गीकरण मात्र देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) मिळते. श्रोत्याच्या चित्ताला सुखावणारे स्वराचे कंपन, अशी गमकाची व्याख्या करून तो पंधरा प्रकार सांगतो. त्यांतील काही प्रकार निव्वळ वेगावर ठरवलेले आहेत. तिरिपाचे कंपन द्रुत या तालातील कालमापाच्या पाव मानाचे व डमरूच्या सूक्ष्म नादासारखे, कंपिताचे अर्ध्या द्रुताचे, लीनाचे एका द्रुताचे, आंदोलिताचे एका लघूचे. लघू म्हणजे दोन द्रुत, त्यामुळे आंदोलितापेक्षा तिरिप आठपट जलद ठरतो. वेगाचा इतका काटेकोर हिशेब पाहता ही मांडणी प्रत्यक्ष वादनाच्या निरीक्षणातून आली असावी, असे मानायला जागा आहे.

या पंधरांत मींड कोठे बसते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. उल्लासित या प्रकारात क्रमाने पुढच्या पुढच्या स्वरांकडे जाणे सांगितले असल्याने काहींना त्यात मींड दिसते. काही जण वलि किंवा नामित या प्रकारांकडे बोट दाखवतात, कारण त्यांत स्वराला वळवणे किंवा वाकवणे सूचित आहे. उल्लासिताच्या लक्षणात क्रमाचा उल्लेख आहे, अखंड नादाचा स्पष्ट नाही; म्हणून ते आजच्या मींडेशी सरसकट जुळवणे धाडसाचे वाटते. घसरता नाद त्या काळी अपरिचित होता, असा मात्र याचा अर्थ नाही. शार्ङ्गदेवाने वर्णिलेली एकतंत्री वीणा पडद्यांची नव्हती. तिच्या तारेवर कम्रिका नावाची बांबूची पट्टी सरकवून स्वर काढत, आणि अशा वाद्यावर स्वर जोडले जाणे ओघानेच येते. पुढे सोमनाथाने रागविबोधात (१६०९) वीणावादनातील निरनिराळ्या क्रियांसाठी खुणा योजून त्या स्वरलेखनात वापरल्या. कंपन, घासत जाणे, तार ओढणे यांना तेथे वेगवेगळी ओळख मिळते. मींडेच्या इतिहासासाठी पंधरा गमकांच्या यादीपेक्षा हा पुरावा अधिक थेट म्हणावा लागेल.

कर्नाटक संगीतात ‘गमक’ हा शब्द आजही व्यापक अर्थानेच चालतो. मींडेशी जवळीक असलेला ‘जारु’ तेथे गमकातच मोडतो.

मींडेचे कार्य शुद्ध कल्याण रागात अगदी जवळून पाहता येते. या रागाचा आरोह भूपासारखा, म्हणजे सा रे ग प ध सां असा आहे. अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम येतात, पण स्वतंत्रपणे उभे न राहता मींडेच्या पोटात येतात : तार षड्जावरून धैवताकडे उतरताना निषाद आणि पंचमावरून गंधाराकडे उतरताना तीव्र मध्यम. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० आणि गंधार ३०० कंपनांचा होतो, तीव्र मध्यम सुमारे ३३८ च्या आसपास पडतो. पंचमावरून निघालेला आवाज ३६० ते ३०० मधील सगळी स्थाने ओलांडतोच, पण ३३८ च्या परिसरात त्याची गती किंचित मंदावते. तेवढ्या मंदावण्याने कानाला मध्यमाची चाहूल लागते. तेथे थांबून मध्यम सुटा उच्चारला, निषादही तसाच लावला, की राग यमनाकडे झुकतो. मींड गाळून पंचमानंतर थेट गंधार घेतला तर भूप उरतो. भूपातही पंचम-गंधार अशी मींड घेतातच आणि मध्यमाची जागा तेथेही ओलांडली जाते. परंतु त्या ठिकाणी वेग ढळत नाही, म्हणून वर्ज्य मध्यम लागल्याचा दोष येत नाही. दोन रागांतील हे अंतर स्वरांच्या यादीतून सांगता येत नाही, ते मींडेच्या वेगात आहे. मध्यमाला किती जागा द्यायची याबाबत घराण्याघराण्यांत फरक आहेत. काही गायक तो जवळजवळ टाळतात.

शिकणाऱ्याची मींड बहुधा दोन ठिकाणी बिघडते. एक तर तिच्या पायऱ्या होतात, म्हणजे प, म, ग असे तीन स्वर लागोपाठ ऐकू येतात. किंवा निघण्याची घाई होऊन सगळा उतार आरंभीच संपतो आणि आवाज गंधाराच्या खाली जाऊन परत वर येतो. तंबोऱ्यावर ही दुसरी चूक लगेच उघडी पडते.

सतारीवर मींड पडद्यावरच तार आडवी ओढून काढतात. ओढीने ताण वाढतो, आणि कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून षड्जाच्या पडद्यावर गंधार काढायचा तर ताण साधारण दीडपटीहून थोडा अधिक, आणि पंचम काढायचा तर सव्वादोनपट व्हावा लागतो. ओढ कमी पडली की शेवटचा स्वर उतरलेला लागतो. नवख्या वादकाची सतार यावरूनच ओळखू येते. ओढीने स्वर फक्त चढतो. त्यामुळे उतरती मींड घेण्यासाठी तार आधी न छेडता ओढून ठेवतात, मग मिजराबीचा आघात करतात आणि ओढ सैल सोडतात. याला विलोम मींड म्हणतात. आघातानंतर ओढणे ही अनुलोम मींड. दोन्हींत आघात एकच असतो. सरोद, सारंगी यांसारख्या बिनपडद्याच्या वाद्यांवर बोट तारेवरून सरकवून हाच परिणाम साधतात. त्याला सूत म्हणण्याचा प्रघात आहे.

गमकेत गंधार लावायचा असेल तर आवाज रिषभ-गंधार किंवा मध्यम-गंधार असा वेगाने झुलतो आणि प्रत्येक झोक्याला छातीतून जोर लागतो. ध्रुपदाच्या आलापात आणि ख्यालातील गमकेच्या तानेत हे प्रकर्षाने आढळते. तानेतील प्रत्येक स्वर आपल्या शेजाऱ्याला धक्का देऊनच येतो. कणस्वरात शेजारचा स्वर एकदाच आणि ओझरता लागतो, गमकेत तो पुन्हा पुन्हा व वजनासह येतो. आवाजाची नुसती थरथर म्हणजे गमक नव्हे. तीच जागा निम्म्या लयीत म्हणून पाहावी : गमक खरी असेल तर झोक्याची दोन्ही टोके ओळखू येण्याजोगे स्वर निघतात, थरथर असेल तर काहीच हाती लागत नाही. दरबारी कानड्यातील कोमल गंधाराचे संथ आंदोलन हे या अर्थाने गमक नाही, जरी शार्ङ्गदेवाच्या वर्गीकरणात आंदोलित हा गमकाचाच प्रकार असला तरी.

भातखंडे स्वरलेखनपद्धतीत मींडेसाठी स्वरांवर कमान काढतात. ही कमान मींड कोठून कोठे जाते एवढेच सांगते. शुद्ध कल्याणातील मध्यमापाशी आवाज किती रेंगाळतो, किंवा गमकेचा झोका किती रुंद आहे, हे तिच्यातून कळत नाही. ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते.