अंकशास्त्र

जन्मतारखेतील अंक किंवा नावातील अक्षरांना ठरवून दिलेली मूल्ये यांची बेरीज करून मिळणाऱ्या अंकावरून व्यक्तीचा स्वभाव आणि भवितव्य सांगण्याची पद्धत. जन्माच्या दिवसाची बेरीज एक अंक उरेपर्यंत केल्यास मूलांक मिळतो आणि दिवस, महिना व वर्ष यांतील सर्व अंकांची बेरीज केल्यास भाग्यांक मिळतो. काही परंपरांत ११ आणि २२ या बेरजा मात्र तशाच ठेवल्या जातात.

आयझॅक न्यूटन यांचे उदाहरण या पद्धतीचा पाया तपासायला उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे त्यांचा जन्म २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. या तारखेची बेरीज २३ येते, म्हणजे भाग्यांक ५. ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे तोच दिवस ४ जानेवारी १६४३ ठरतो; त्याची बेरीज १९, म्हणजे १० आणि शेवटी १.

यावर अंकशास्त्र मानणारे असे उत्तर देऊ शकतात की, माणूस ज्या समाजात जन्मतो त्याच्या दिनदर्शिकेतली तारीखच त्याची खरी तारीख होय. हे उत्तर सुसंगत आहे. मात्र प्रत्येक अंकाला विश्वातच रुजलेले स्वतःचे स्पंदन असते, हा त्यांचा मूळ दावा त्यामुळे अडचणीत येतो, कारण मग अंकाचे बळ विश्वातून येत नसून माणसांनी ठरवलेल्या संकेतातून येते. तारेची लांबी निम्मी केल्यास स्वर एका सप्तकाने चढतो, हा पायथागोरसच्या परंपरेतील शोध ते नेहमी आधाराला घेतात. तो खराच आहे, पण तिथे लांबी मोजता येते; जन्मतारखेत मोजण्याजोगी अशी राशी नसते.

टीकाकारांच्या मते, एक अंक उरेपर्यंत बेरीज करणे म्हणजे संख्येला ९ ने भागून बाकी पाहणे होय. बाकी शून्य आली तर ९ धरतात. म्हणजे कोणत्याही संख्येसाठी नऊच कप्पे उपलब्ध असतात. जन्मतारीख, नाव, घराचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक यांचे अंक काढले आणि प्रत्येक अंक सारखाच संभाव्य मानला, तर चारांपैकी किमान दोन जुळण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के असते. पाचवी संख्या घेतल्यास ती ७४ टक्क्यांवर जाते. जुळणी लक्षात राहते आणि न जुळलेले विसरले जाते, म्हणून हा योगायोग संकेतासारखा वाटतो. ही भावना खोटी नसते. संबंध शोधणे हे मनाचे नेहमीचेच काम आहे.

वर्णन तंतोतंत पटते, या अनुभवाचे कारण वेगळे आहे. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी सर्व विद्यार्थ्यांना स्वभावाचे एकच वर्णन, प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून, दिले आणि विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. त्यामुळे 'वर्णन पटले का' हा प्रश्न पुरेसा ठरत नाही. अंक झाकून नऊही वर्णने एकत्र द्यावीत आणि स्वतःचे वर्णन निवडायला सांगावे. केवळ योगायोगाने नव्वद जणांपैकी सुमारे दहा जणांची निवड बरोबर येईल; अंकशास्त्राचा दावा टिकायचा तर हा आकडा त्याहून स्पष्टपणे जास्त यायला हवा.