स्टोरी पॉइंट आणि तास : स्प्रिंटच्या प्रगतीची दोन मापे

स्टोरी पॉइंट हे सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या कामाचा आकार दुसऱ्या कामाच्या तुलनेत सांगणारे माप आहे, तर तास हे त्या कामावर गेलेल्या किंवा जाणाऱ्या वेळेचे. एकाच स्प्रिंटची, म्हणजे टीमने आखून घेतलेल्या थोड्या आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याची, प्रगती या दोन मापांत मांडली की आकडे सहसा जुळत नाहीत, आणि तांत्रिक काम न केलेल्या मॅनेजरला त्यातला एक आकडा फुगवलेला वाटतो. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. तास सांगतात की माणसे किती राबली. पॉइंट सांगतात की वापरण्याजोगे किती तयार झाले.

मॅनेजरशी होणारा हा घोळ पॉइंटांच्या जन्मापासूनच आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीने सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीम ‘आदर्श दिवस’ या एककात अंदाज देत. कोणी मध्ये हाक मारली नाही, मीटिंग नाही, हातात एवढे एकच काम असले तर लागतील तेवढे दिवस, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात अशा एका दिवसाच्या कामाला दोन-तीन दिवस सहज जात, आणि ‘तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस कसे लागले?’ हा प्रश्न ठरलेला. या पद्धतीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी लिहिले आहे की या गोंधळातून सुटण्यासाठी ‘दिवस’ टाकून ‘पॉइंट’ म्हणायला सुरुवात झाली. पॉइंट बहुधा आपणच काढले, आणि आता त्याचा पस्तावा होतो, असेही त्यांनी म्हटले आहे. पुढे २००२मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर, म्हणजे सगळ्यांनी पत्त्यांवरून आपापला अंदाज एकदम दाखवण्याची पद्धत, मांडली आणि माइक कोन यांनी ती लोकप्रिय केली. स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या स्क्रम या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत मात्र स्टोरी पॉइंटचा उल्लेखच नाही. ते सक्तीचे आहेत हा समज कुठून आला कोण जाणे.

दोन आकडे कसे फाकतात हे एका कल्पित स्प्रिंटवर पाहता येते. टीम पाच जणांची, स्प्रिंट दहा कामाच्या दिवसांचा. मीटिंगा, मेल आणि जुन्या तक्रारी वजा जाता प्रत्येकाचे रोज चार तास स्प्रिंटच्या कामाला मिळतात, म्हणजे एकूण २०० तास. घेतलेल्या स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला उपयोगी पडणारी छोटी कामे, सात : एक ८ पॉइंटची, तीन ५च्या, दोन ३च्या आणि एक १ पॉइंटची, बेरीज ३०. सातव्या दिवशी संध्याकाळी टाइमशीटमध्ये १४० तास भरलेले आहेत, म्हणजे ७० टक्के. बोर्डवर ‘Done’च्या रकान्यात मात्र एक ५ची आणि दोन्ही ३च्या, अशा तीनच स्टोरी आहेत. ११ पॉइंट, जेमतेम ३७ टक्के.

फरकाचे मुख्य कारण मोजण्याच्या नियमात आहे. तास काम चालू असतानाच जमा होतात, पण पॉइंट स्टोरी पूर्ण झाल्यावरच आणि सगळे एकदम मिळतात. कोड लिहून झाला, रिव्ह्यू झाला, टेस्टिंग तेवढे राहिले, तरी खात्यावर शून्य. म्हणून तासांचा बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख, उतरणीसारखा खाली येतो आणि पॉइंटांचा कित्येक दिवस आडवा राहून शेवटी पायऱ्या उतरतो. चौथ्या दिवशी रेघ आडवी दिसली म्हणून टीम बसून आहे असे नव्हे. सातव्या दिवशीही आडवीच असेल आणि बोर्डवर पाच-सहा स्टोरी एकाच वेळी अर्धवट पडल्या असतील, तर मात्र खरी काळजी आहे. सगळ्यांनी सगळे सुरू केले आहे आणि टेस्टिंगचा ढीग शेवटच्या दोन दिवसांवर येणार आहे, असा त्याचा अर्थ.

आपल्या उदाहरणात ८ पॉइंटची स्टोरी ग्राहकाला पैसे परत करण्याची आहे. तिचा अंदाज ६० तासांचा होता आणि त्यातले ४० गेले. मधेच लक्षात आले की ऑर्डरमधली एकच वस्तू परत आली तर सवलत कशी वाटून घ्यायची हे कोणी ठरवलेच नव्हते, आणि उरलेले काम २० ऐवजी ३० तासांचे झाले. बाकीच्या तीन स्टोरींना मिळून ४० तास हवेत. म्हणजे काम ७० तासांचे आणि हातात तीन दिवसांचे ६०. ही धोक्याची सूचना ‘१४० तास झाले’ या आकड्यात कुठेच नाही. गेलेले तास वाढतच जाणार. कळायला हवे ते उरलेले तास. जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये `Remaining Estimate` हा रकाना त्यासाठीच आहे. तो आपोआप कमी होऊ न देता रोज नव्याने विचार करून भरला, तरच तासांचा अहवाल काही सांगतो. एरवी तो हजेरीपट होतो.

स्प्रिंट संपतो तेव्हा २०० तास पूर्ण भरलेले असतात आणि पॉइंट मिळतात २२. तासांच्या तक्त्यात शंभर टक्के, पॉइंटांच्या तक्त्यात ७३. पैसे परत करण्याची स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये जाते आणि तिथे अवघ्या १० तासांत पूर्ण ८ पॉइंट देऊन जाते. या वेळी टीम ढेपाळली आणि पुढच्या वेळी तिने कमाल केली, असे आलेख सांगेल. प्रत्यक्षात यातले काहीच झालेले नसते. म्हणून एका स्प्रिंटची व्हेलॉसिटी, म्हणजे त्यात पूर्ण झालेल्या पॉइंटांची बेरीज, वरच्या मॅनेजरपुढे एकटी ठेवू नये.

यावर मॅनेजर सहज सुचवतो तो उपाय म्हणजे दर ठरवून टाकणे : एक पॉइंट म्हणजे आठ तास. तो टिकत नाही. ३ पॉइंटच्या दोन स्टोरींपैकी एक १४ तासांत होते, दुसरी २९ तास खाते. सरासरी काढता येते, पण ती एकेका स्टोरीला लावता येत नाही. शिवाय दर ठरला की टीम आकार मोजणे सोडून तास मोजते आणि भागाकार करून पॉइंट सांगते. व्हेलॉसिटीचे उद्दिष्ट लादले तर पॉइंट फुगू लागतात : मागे ३ दिलेल्या तोडीच्या कामाला आता ५ मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे. व्हेलॉसिटी चढते, पण दर स्प्रिंटला पूर्ण होणाऱ्या स्टोरींची संख्या आहे तिथेच राहते. दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी ठेवून तुलना करणे तर निरर्थकच, कारण प्रत्येक टीमचा ३ वेगळा असतो.

मॅनेजरला खरे तर हवी असते तारीख, आणि तिथे पॉइंट उपयोगी पडतात. टीमने मागच्या पाच स्प्रिंटमध्ये २७, २४, २९, २५ आणि २२ पॉइंट पूर्ण केले आहेत आणि रिलीजसाठी १२० उरले आहेत असे धरू. सगळ्यात चांगल्या वेगाने पाच स्प्रिंट, सगळ्यात कमी वेगाने सहा. म्हणजे दहा ते बारा आठवडे, तेही यादीत भर पडली नाही तर. या वाक्यात ‘पॉइंट’ हा शब्द उच्चारायचीही गरज नाही. चालू स्प्रिंटपुरते सांगायचे तर ‘सातपैकी तीन गोष्टी तयार, तीन वेळेत होतील, पैसे परत करण्याची सुविधा बहुधा पुढे जाईल, कारण सवलतीचा नियम ठरायचा आहे’ हे कुठल्याही टक्केवारीपेक्षा कामाचे; तो नियम ठरवणारा माणूस अनेकदा त्याच मीटिंगमध्ये बसलेला असतो.

तासांची गरज त्यामुळे संपत नाही. पुण्यातल्या अनेक सेवा कंपन्यांसारखे परदेशी ग्राहकाला वेळेनुसार बिल लावायचे असेल, तर टाइमशीट भरावीच लागते. प्रॉडक्शनवरच्या बिघाडामागे दोन माणसे तीन दिवस अडकली, तर त्या कामाला बहुधा पॉइंट दिलेले नसतात आणि व्हेलॉसिटीत नुसता खड्डा दिसतो. तो कशाने पडला हे तासच दाखवतात.