मेलॅनोनिकिया : नखातील काळी रेघ

मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे नखाला येणाऱ्या तपकिरी किंवा काळ्या रंगाला मेलॅनोनिकिया म्हणतात. बहुतेक वेळा हा रंग नखाच्या मुळापासून टोकापर्यंत गेलेल्या एका उभ्या रेघेत असतो. सावळ्या वर्णाच्या माणसांत अशा रेघा सर्रास आढळतात, वय वाढेल तशा त्या वाढतात आणि त्यांतल्या बहुसंख्य रेघांपासून काहीही अपाय होत नाही. थोड्या रेघांमागे मात्र नखमुळातला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग असतो. हे दोन्ही प्रकार सुरुवातीला जवळजवळ सारखेच दिसतात. फरक कळतो तो रेघ कुठून निघाली आणि काळानुसार कशी बदलली यावरून.

नख वाढते ते मुळाशी. नखाच्या बुडाशी जो फिकट अर्धचंद्र दिसतो, तो या मुळाचा दिसणारा भाग. बाकीचे मूळ कातडीखाली झाकलेले असते. मुळात रंगपेशी असतात, पण त्या बहुधा निजलेल्या असतात. काही कारणाने त्या जाग्या झाल्या किंवा त्यांची संख्या वाढली की तयार होणाऱ्या नखात रंग मिसळू लागतो आणि नखासोबत पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. म्हणून नखाचे टोक पाहणे म्हणजे मुळाची काही महिन्यांपूर्वीची स्थिती पाहणे, आणि कातडीलगतचा भाग पाहणे म्हणजे जवळजवळ आजची. मुळातला रंगीत ठिपका जेवढा रुंद, तेवढी रेघ रुंद. ठिपका वर्षानुवर्षे तेवढाच राहिला तर रेघेच्या दोन्ही कडा समांतर राहतात.

हे लक्षात ठेवले की रेघ नसलेले काळेपण आधी बाजूला काढता येते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. चांदी नायट्रिक आम्लात विरघळली की सिल्व्हर नायट्रेट तयार होते. ते हाताला लागले आणि ऊन बसले की कातडी व नखे काळी पडतात. हा डाग बाहेरून आलेला असतो. माणूस महिनाभर कामावरून सुटीवर आला की मुळाशी नवे, स्वच्छ नख दिसू लागते आणि डागाची खालची कड कातडीच्या कडेसारखीच कमानदार असते. पात्याने पृष्ठभाग हलकेच खरवडला तर रंग बराचसा निघतो. मेंदी, तंबाखू, पोटॅशियम परमँगनेट यांचे डागही असेच वागतात. मेंदीची अडचण वेगळी आहे : लग्नसराईत लावलेली मेंदी नखावर पाच-सहा महिने टिकते आणि तिच्याखाली खरी रेघ असली तर ती झाकली जाते. तपासणीला जाताना नखे कोरी असावीत.

ठेच लागून किंवा दारात बोट चेपून नखाखाली रक्त साकळते, तेही काळेच दिसते. त्याचा आकार रेघेपेक्षा डागाचा असतो, कडेला लालसर-जांभळी छटा असते आणि काही आठवड्यांत डाग व मूळ यांच्यामध्ये स्वच्छ नख येते. खात्री करायची तर डागाच्या मुळाकडच्या कडेवर नखाला बारीक ओरखडा काढून तारीख लिहून ठेवावी. महिन्याने ओरखडा आणि डाग दोन्ही हाताच्या नखात सुमारे ३ मिलिमीटर, पायाच्या नखात त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, पुढे सरकलेले हवेत. डाग जागचा हलला नाही, किंवा मुळाशी नवा रंग येतच राहिला, तर ते फक्त साकळलेले रक्त नव्हे. इथे एक फसगत नेहमी होते. उसाच्या रानात, ट्रॅक्टरच्या हुकाशी, कोयत्याने बोटाला मार बसलेला नाही असा माणूस या भागात सापडणे कठीण, त्यामुळे कुठल्याही काळ्या नखाला आठवणीतला एखादा मार चिकटवता येतो. शिवाय गाठीतूनही रक्त येऊ शकते. मार बसल्याची आठवण हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे डाग पुढे सरकणे.

रंग खरोखर मेलॅनिनचा असेल तर पुढचा प्रश्न असतो किती बोटांना आहे हा. अनेक बोटांना फिकट तपकिरी, एकसारख्या रेघा असतील तर कारण बहुधा अंगभूत वर्ण किंवा सबंध शरीराशी निगडित असते. आपल्याकडे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी माणसांत बऱ्याच प्रमाणात आढळते, आणि तिच्यात नखांसोबत बोटांच्या पेरांवरची, सांध्यांवरची कातडीही काळवंडते. इंजेक्शने किंवा गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांत रंग उतरतो. हायड्रॉक्सीयुरिया, झिडोव्हुडीन आणि कर्करोगावरची काही औषधे, गरोदरपण, ॲडिसन रोग, नख कुरतडण्याची सवय यांनीही रेघा येतात. पायाच्या करंगळीवरची रेघ बहुतेकदा चपला-बुटाच्या घर्षणाची असते. बुरशीने येणारा काळेपणा नखाच्या टोकाकडून आत शिरतो, म्हणून तो टोकाशी रुंद आणि मुळाकडे निमुळता असतो. मेलॅनोमाच्या रेघेचा आकार नेमका याच्या उलट असतो.

हा उलट आकार एका कल्पित उदाहरणाने पाहू. वाळवा तालुक्यातला अठ्ठावन्न वर्षांचा ऊस उत्पादक. उजव्या अंगठ्यावर दोनेक वर्षांपासून बारीक रेघ आहे, दुखत काही नाही. अलीकडे ती जाड झाल्यासारखी वाटली म्हणून त्याला बुरशीच्या गोळ्या दिल्या गेल्या; नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाच नाही. तीन महिन्यांनी तो त्वचारोगतज्ज्ञाकडे आला तेव्हा नखाची दिसणारी लांबी १२ मिलिमीटर होती. रेघ टोकाशी २ मिलिमीटर आणि कातडीलगत ४ मिलिमीटर भरली. महिन्याला ३ मिलिमीटर या हिशेबाने टोकाचा भाग कातडीबाहेर पडून चार महिने झाले होते. म्हणजे चार महिन्यांत मुळातला ठिपका दुप्पट रुंद झाला. रुग्णाने जुना फोटो आणला नसला तरी वाढीचा हिशेब नखानेच दिला. रेघेत काळ्या, तपकिरी आणि राखाडी उपरेघा होत्या, त्यांची जाडी व अंतरे असमान होती, आणि एक कड धूसर होती. नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीवरही तपकिरी डाग पसरला होता.

कातडीवर उतरलेल्या या रंगाला हचिन्सन चिन्ह म्हणतात. इंग्लंडचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही चिघळलेल्या नखुरड्यासारख्या दिसणाऱ्या आजाराच्या संदर्भात. चिन्ह गंभीर आहे, पण निर्णायक नाही. बुडाशी असलेली पातळ कातडी पारदर्शक असते, तिच्यातून खालचा रंग नुसता झिरपल्यासारखा दिसतो. तो खोटा हचिन्सन. बी-१२च्या कमतरतेत नखाभोवतीची कातडी अनेक बोटांवर काळी होते, तेही हे चिन्ह नव्हे. एकाच बोटावर, कातडीच्या स्वतःच्या पृष्ठभागावर, वेडावाकडा पसरलेला रंग दिसला तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही.

रुंदीच्या बाबतीत ३ मिलिमीटरची सीमा सर्वत्र सांगितली जाते. ती सावधगिरीची खूण म्हणून ठीक आहे, एवढेच. सावळ्या माणसांतल्या निरुपद्रवी रेघा कधीकधी तिच्यापेक्षा रुंद असतात आणि सुरुवातीचा मेलॅनोमा तिच्यापेक्षा अरुंद असू शकतो. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर, एकाच बोटावर, विशेषतः अंगठ्यावर किंवा पायाच्या अंगठ्यावर, नव्याने आलेली आणि बदलणारी रेघ ही त्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी असते. लहान मुलांचे गणित वेगळे आहे. त्यांच्यात रुंद, गडद रेघ बहुतेकदा मुळातल्या तिळाची असते, मेलॅनोमा अतिशय दुर्मीळ असतो, म्हणून तज्ज्ञ बहुधा फोटो काढून लक्ष ठेवतात.

डर्मोस्कोप हे प्रकाश असलेले भिंग या निवाड्यात मोठी मदत करते. राखाडी, एकसंध पट्टा बहुधा नुसत्या जाग्या झालेल्या रंगपेशींचा असतो. तपकिरी, समांतर, सारख्या उपरेघा तिळाच्या. असमान उपरेघा संशयाच्या. पण अंतिम निकाल बायोप्सीचाच, आणि बायोप्सी जिथून रंग निघतो त्या मुळाची. या गोष्टीवर भर द्यावा लागतो, कारण चूक इथेच होते : नख उपटून टाकले जाते, ते तपासणीला जात नाही, सहा महिन्यांनी नवे नख त्याच रेघेसह उगवते. किंवा नखाखालच्या मांसाचा तुकडा घेतला जातो, ज्यात त्या पेशी नसतातच, आणि अहवाल निर्धोक येतो. कापलेल्या नखाच्या तुकड्यातून बुरशी, रक्त किंवा रंगाचा थर कळतो, मेलॅनोमा नाही असे मात्र म्हणता येत नाही.

बरोबर पद्धतीत बोटाच्या बुडाशी भूल देतात, रक्तप्रवाह थांबवण्यासाठी पट्टी आवळतात, बुडाच्या कातडीला दोन कोपऱ्यांत लहान तिरके छेद देऊन ती मागे उलटतात आणि नखाचा मुळाकडचा भाग उचलतात. रंगीत ठिपका उघड्या डोळ्यांनी दिसतो. तो अखंड, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पापुद्र्यासारखा सोलून घेतात, नख परत जागेवर ठेवून टाका घालतात. थर इतका पातळ घेतला तर नवे नख बऱ्याचदा नीट येते. खोल तुकडा घेतला तर नख कायमचे दुभंगण्याची शक्यता वाढते. मिरज आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात रुग्णाने जाताना रेघेचे जुने फोटो, चालू औषधांची यादी आणि आधीचे अहवाल न्यावेत. मोबाइलवर वर्षापूर्वी सहज काढलेल्या फोटोत हात दिसत असला तरी तो उपयोगी पडतो.

मेलॅनोमा अजून वरच्याच थरात असेल तर मुळासह सगळे नखस्थान हाडापर्यंत काढून त्यावर कातडीचे रोपण करतात. नख परत येत नाही, बोट राहते. पेशी खाली शिरल्या असतील तर त्यांची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. खोलीप्रमाणे बोटाचे टोक काढावे लागू शकते आणि हाताच्या बाबतीत काखेतली पहिली लसिकाग्रंथी तपासण्याचा विचार होतो. पूर्वी बोट वरपर्यंत छाटत. त्याने आयुष्य वाढत नाही असे दिसल्यावर आता शक्य तेवढा भाग वाचवतात.

नखाच्या मेलॅनोमांपैकी काही थोडेथोडके नव्हेत असे बिनरंगी असतात. त्यांत काळी रेघ नसतेच. नख दुभंगते, खाली गुलाबी-लाल मांस वाढते, त्यातून पाणी किंवा रक्त येते, आणि महिनोन्महिने नखुरडे समजून मलम लावले जाते. प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घेऊनही एकाच बोटाचे असे नखुरडे दीड-दोन महिन्यांत भरले नाही, तर तिथेही बायोप्सीच करावी लागते.