शब्दकोशाच्या पानाचा फोटो द्या, दोन रकान्यांची फाइल घ्या

म्हापशातल्या आमच्या डीटीपी केंद्रात वकील, भाषांतरकार आणि शिक्षक जुन्या शब्दसूचीची पानं घेऊन येतात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, अशी एक्सेलची फाइल त्यांना हवी असते. हे काम आम्ही कसं करतो आणि फोटो कसा काढला तर ते नीट होतं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आता फुकट मिळतं आणि स्वच्छ छापलेलं मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. खरी अडचण त्यानंतर येते. कुठला शब्द नोंदीचा आणि कुठली ओळ मागच्याच अर्थाची, हे ठरवावं लागतं. जमिनीच्या शब्दांच्या सूचीतला हा नमुना पाहा:

```
कुळागर – सुपारी, नारळ, केळी व
    मसाल्याच्या झाडांची बाग.
खाजन – खाडीकाठची, बांध घालून
    राखलेली जमीन. पाण्यासाठी
    मानस – दारांची मोरी – असते.
गावकार – कोमुनिदादचा पिढीजात
    हिस्सेदार.
```

नोंदी तीनच आहेत. पण फक्त डॅश बघून तोडलं तर ‘मानस’ ही चौथी नोंद होते आणि खाजनचा अर्थ ‘पाण्यासाठी’वर अर्धवट थांबतो. म्हणून आम्ही डॅशच्या आधी डावी कड बघतो. नोंदीची ओळ कडेला लागून असते, अर्थाच्या पुढच्या ओळी थोड्या आत असतात. प्रत्येक शब्द पानावर डावीकडून किती अंतरावर आहे हे सॉफ्टवेअर आकड्यात देतं, त्यावरून ओळी जोडायच्या. ओळी जोडून झाल्या की प्रत्येक नोंद पहिल्या डॅशवर एकदाच तोडायची. पुढचे डॅश अर्थाच्या मजकुरात तसेच राहतात.

फोटोबद्दल आम्ही इतके हट्टी का, ते यावरून कळेल. जाड पुस्तक शिवणीजवळ वर फुगतं, तिथल्या ओळी वाकतात आणि आतली ओळ कडेची वाटू लागते. अक्षरं डोळ्यांना स्पष्ट दिसत असली तरी त्या पट्ट्यात नोंदी चुकतात. पान शक्य तितकं सपाट दाबा आणि एका वेळी एकच पान घ्या. मोबाइल पानाला समांतर धरा, चारही कडा फोटोत येऊ द्या. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. कागद पातळ असेल आणि मागची छपाई दिसत असेल, तर पानाखाली काळा कागद सरकवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन येतो आणि अनुस्वार पुसट होतात.

पानं क्रमाने पाठवा. पानाची पहिलीच ओळ आत असली तर ती मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीची असते, आणि मागचं पान नसेल तर ती कुठे जोडणार? पानात दोन स्तंभ असतील तर ते आम्ही आधी कापून वेगळे करतो, नाहीतर सॉफ्टवेअर एका स्तंभातून थेट दुसऱ्यात वाचत जातं. पानाच्या माथ्यावर छापलेले मार्गदर्शक शब्दही तेव्हाच काढून टाकतो.

तपासणीसाठी आमचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे कोशाचा अकारविल्हे क्रम. देवनागरीत ‘ख’ पुष्कळदा ‘रव’ असा वाचला जातो. वरच्या नमुन्यात खाजनचं ‘रवाजन’ झालं, तर कुळागर आणि गावकार यांच्यामध्ये र आलेला लगेच दिसतो. मानस चुकून नोंद झाला असता तरी तोही असाच सापडला असता. मात्र ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागा कोशागणिक बदलतात, म्हणून संगणकाने दाखवलेला प्रत्येक क्रमभंग आम्ही मूळ पानाशी ताडून बघतो.

या युक्तीने सगळं पकडता येत नाही. मुंडकारचा अनुस्वार गळून ‘मुडकार’ झालं तर क्रम बहुधा बिघडत नाही. अर्थाच्या रकान्यातल्या चुका तर क्रमावरून कळतच नाहीत. तिथे ध-घ, भ-म आणि विसर्गाच्या जागी आलेला अपूर्णविराम हे माणसानेच वाचून सुधारावं लागतं. आमच्याकडे एक जण मूळ पान वाचतो, दुसरा फाइल बघतो. कोर्टात लावायची सूची असेल, तर तुम्हीही एकदा मूळ पानाशी ताडून घ्या.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. ‘ना.’, ‘स्त्री.’ यांसारखी व्याकरणाची खूण आम्ही अर्थाच्या रकान्यात ठेवतो. वेगळा रकाना हवा असेल तर तसं कळवा. ‘अमुक पाहा’ अशा नोंदी जशाच्या तशा राहतात, दुसरीकडचा अर्थ आम्ही तिथे उतरवत नाही. हाताने लिहिलेल्या वह्या यात बसत नाहीत, त्या टाइप कराव्या लागतात आणि त्याचा दर वेगळा असतो.

काम झालं की तुम्हाला थेट एक्सेलची फाइल मिळते. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी मजकूर-फाइल हवी असल्यास ती टॅबने विभागलेली देतो, कारण अर्थाच्या मजकुरात स्वल्पविराम भरपूर असतात आणि त्यावर तोडलं की एका अर्थाचे चार रकाने होतात. ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी विचित्र चिन्हं दिसली, तर इम्पोर्ट करताना `UTF-8` निवडा.